कारण संपलेलं असावं

प्रियदर्शनी ओव्हाळ सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधण्याचा पगार मिळतो हे तिच्या वडिलांना, भीमरावांना, बरीच वर्षं पटत नव्हतं. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे चूक शोधायला माणूस ठेवत नसत. चूक झाली की ती आपोआप सगळ्यांना ऐकू जात असे.

नोकरीबद्दल भीमरावांची मतं ठाम होती. नोकरी लागते, मग ती असते, मग संपते. ‘सोडली’ हा शब्द त्यांच्या क्वार्टर्समध्ये फक्त दोन माणसांबद्दल वापरला गेला होता. त्यातला एक चोरी करताना सापडला होता आणि दुसरा बुवा झाला होता. त्यामुळे मुलीने हिंजवडीतली चांगली नोकरी सोडली, तेव्हा शेजाऱ्यांना काय सांगायचं हे त्यांना कळेना. कारण तर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. नात आजारी होती. रक्ताचा कर्करोग. उत्पला तेव्हा पाच वर्षांची होती.

कंपनीने वाईट वागवलं असं प्रियदर्शनी कधी म्हणाली नाही. रजा होत्या तोवर त्यांनी रजा दिल्या, मग बिनपगारी दिल्या, आणि मग मॅनेजरने अतिशय सौम्य आवाजात, तू राजीनामा दिलास तर तुझ्या कागदांवर काही डाग राहणार नाही, असं सुचवलं. तिने दिला. कारणाच्या रकान्यात ‘पर्सनल’ लिहिलं. त्यानंतरची दोन वर्षं ती, तिचा नवरा समाधान आणि तिची आई मालनबाई हॉस्पिटलच्या बाकावर पाळीपाळीने बसले. उत्पला दुसरीत जाण्याच्या सुमारास गेली.

पुढे काही महिने प्रियदर्शनी घरात बसून होती. ती आणि समाधान खडकीला तिच्या आई-वडलांबरोबरच राहत. मग एक दिवस समाधान म्हणाला की तू नोकरी बघ. पैशासाठी म्हणत नव्हता. भोसरीच्या कारखान्यात त्याला दिवसभर यंत्रांचा आवाज होता. हिला घरात कसलाच नव्हता.

समाधानचा धाकटा भाऊ चेतन बाणेरला एका कन्सल्टन्सीत होता. कंपन्यांना माणसं पुरवणं हा त्याचा धंदा. दिवसाला चाळीस-पन्नास जणांना तो फोनवर विचारी, आधीची नोकरी का सोडली? या प्रश्नाचा त्याचा इतका अभ्यास होता, की मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने तो तिला विचारला असावा असा घरात विनोद होता. तो वहिनीची तयारी करून घ्यायला रविवारी आला, पोहे खाल्ले आणि कामाला लागला.

त्याचं म्हणणं असं. हा प्रश्न विचारणाऱ्याला तुमच्या आयुष्यात रस नसतो. त्याला फक्त तीन गोष्टी बघायच्या असतात. तुम्ही आधीच्या कंपनीला शिव्या देता का, बोलताना तुमचा तोल जातो का, आणि ज्या कारणाने ती नोकरी सोडलीत त्याच कारणाने ही सोडाल का.

“वहिनी, तिसरी सगळ्यात महत्त्वाची,” तो म्हणाला. “कारण काहीही असू दे, ते संपलेलं पाहिजे. आई-वडलांचं आजारपण असेल तर बरं झालेलं, शिक्षण असेल तर पूर्ण झालेलं. चालू कारण कुणाला नको असतं.”

एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. त्याने पोह्यांची रिकामी बशी उचलली आणि परत ठेवली. प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली, “संपलंय की.”

मग चेतनने, आवाज बराच खाली आणून, एक वाक्य तयार करून दिलं: ‘फॅमिलीमध्ये एक मेडिकल इश्यू होता, तो आता रिझॉल्व्ह झाला आहे.’ दोन वेळा म्हणून दाखव म्हणाला. तिने दाखवलं. वाक्यात काही चूक नव्हती. पण हा ‘रिझॉल्व्ह’ तिच्या रोजच्या कामातला शब्द होता. प्रोग्राम लिहिणारा माणूस चूक दुरुस्त केली असं समजून तिच्यापुढे ‘रिझॉल्व्ह’ अशी खूण करतो आणि मोकळा होतो. ती खरंच गेली का हे टेस्टर तपासतो, आणि मगच प्रकरण बंद होतं. खूण एकाची, खात्री दुसऱ्याची. तिने हे चेतनला सांगितलं नाही. भीमरावांनी मात्र आतल्या खोलीतून एवढंच विचारलं, “खरं सांगितलं तर नोकरी देत नाहीत का?”

“देतात, काका,” चेतन म्हणाला. “पण मग ते रडतात किंवा ही रडते, आणि पुढचे प्रश्न राहून जातात.”

हिंजवडीतल्याच एका दुसऱ्या कंपनीत मुलाखतीची पहिली फेरी शर्मिला नावाच्या बाईंनी घेतली. बाई एचआरमध्ये असूनही प्रेमळ होत्या. अशी उदाहरणं असतात. त्यांनी बायोडाटावरच्या रिकाम्या दोन वर्षांवर पेन ठेवलं आणि मागची नोकरी सोडण्याचं कारण विचारलं. प्रियदर्शनीने वाक्य सुरू केलं. ‘मेडिकल इश्यू’पर्यंत ते नीट गेलं. शर्मिलाबाईंनी विचारलं, घरात कुणाला? ती म्हणाली, मुलीला. इथून पुढे फक्त ‘रिझॉल्व्ह’ म्हणायचं होतं. तो शब्द तिच्या तोंडातून येईना. ती नुसती समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली.

शर्मिलाबाईंना स्वतःला दोन मुलं होती. त्यांनी पेन खाली ठेवलं, थोड्या पुढे वाकल्या आणि अगदी मनापासून विचारलं, “आता बरी आहे ना?”

या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे काय, याचा कुणी विचार करून बघावा. प्रियदर्शनी म्हणाली, “हो.”

“मग तुम्ही इकडे आल्यावर तिच्याजवळ कोण?”

“आई आहे माझी. खडकीला.”

शर्मिलाबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. तिसऱ्या मुद्द्यावर त्यांचं समाधान झालं होतं. कारण संपलं होतं आणि पुन्हा उद्भवलंच तर आजी होती. पुढच्या फेरीत दोन तरुण मुलांनी तिला कामाचे प्रश्न विचारले. ती कामात पक्की होतीच. नोकरी मिळाली. मग कंपनीने रीतीप्रमाणे एका संस्थेकडून तिची पडताळणी करून घेतली. आधीच्या कंपनीतल्या तारखा बरोबर निघाल्या, पदाचं नाव बरोबर निघालं, सोडण्याचं कारण ‘पर्सनल’ असं कळलं. अहवालात कुठेही चूक नव्हती.

अशी उत्पला हिंजवडीत जिवंत झाली.

प्रियदर्शनीला वाटलं होतं, ते एका खोलीत बोललेलं एक वाक्य आहे, तिथेच राहील. पण शर्मिलाबाई प्रेमळ होत्या. त्यांनी टीमला सांगून ठेवलं, हिची मुलगी मोठ्या दुखण्यातून उठली आहे, हिला सांभाळून घ्या. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या दीपालीने विचारलं, कितवीत आहे गं? प्रियदर्शनीने थोडा वेळ घेतला आणि सांगितलं, दुसरीत.

विम्याचा फॉर्म आला. त्यात मुलांची नावं घालायची होती. तिने रकाना मोकळा सोडला. विमा बघणाऱ्या माणसाने मेल पाठवून आठवण केली, मॅडम, मुलीचं नाव राहिलं. तिने कळवलं की ती वडलांच्या कंपनीकडून आहे. त्याने आभार मानले. एक प्रीमियम वाचला होता.

तिने सुरुवातीला नियम केला होता, विचारतील तेवढंच सांगायचं. पण विचारणारे थांबतात थोडेच. दर जूनला उत्पला वरच्या वर्गात जात राहिली. दीपालीची मुलगी एकच वर्ष पुढे होती, त्यामुळे दीपालीला उत्पलाबद्दल सगळं आधीच माहीत असे आणि प्रियदर्शनीने फक्त हो म्हणायचं असे. चौथीत भागाकार नडतो, हो ना? हो. पाचवीत उलट बोलायला लागतात, नाही का? लागतात. डिसेंबरात कंपनी मुलाबाळांसह मेळावा भरवी, चित्रकलेची स्पर्धा वगैरे. उत्पलाला नेमका तेव्हा ताप येई, किंवा मावशीचं लग्न असे. मावशा संपल्या तेव्हा आत्या निघाल्या. “फार लाजाळू आहे बाई तुझी लेक,” दीपाली म्हणे. “आमच्याकडे पाठव चार दिवस, आमचं येडं तिला बोलायला लावेल.”

घरी उत्पला भिंतीवरच्या फोटोत होती, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी, समोरचे दोन दात पडलेली. तिचा विषय निघत नसे. निघालाच तर मालनबाई उठून आत जात, भीमराव रेडिओ लावत. घरी ती सात वर्षांची होती आणि तेवढीच राहणार होती. हिंजवडीत तिला चष्मा लागला. सहावीत तिने केस कापून घेतले, आणि आईशी दोन दिवस बोलली नाही. संध्याकाळी कंपनीची बस वाकडच्या पुलावर तासभर अडकून पडे; लोक वाहतुकीला शिव्या देत. प्रियदर्शनीची तक्रार नसे. बस खडकीला पोचेपर्यंत तिला मुलगी पुन्हा लहान करायची असे, आणि त्याला वेळ लागतो.

समाधानला यातलं काही माहीत नव्हतं. तो माहीत करून घेणारा माणूस नव्हता. मात्र बायको कामावर जाताना बरी दिसते आणि सुट्टीच्या दिवशी वाईट, हे त्याला दिसत होतं. तिला काम आवडतं असा अर्थ त्याने लावला होता.

सतरा सालच्या एप्रिलात दीपाली एक जड पिशवी घेऊन ऑफिसला आली. तिच्या मुलीची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. पिशवीत दहावीची सगळी पुस्तकं, गाइडं, सोडवलेले पेपर होते. प्रत्येक पुस्तकाला नवं तपकिरी कव्हर घातलेलं. आधीची लेबलं सोलून काढून तिथे कोरी चिकटवली होती.

“नाव तूच टाक,” दीपाली म्हणाली. “तिला आवडेल तसं. आणि गणिताच्या वहीला हात लावू नको म्हणावं कुणाला, अख्खं क्लासचं आहे त्यात.”

प्रियदर्शनीने ती पिशवी बसमध्ये मांडीवर घेतली. घरी समाधान लवकर आला होता. कोणाची पुस्तकं म्हणून त्याने विचारलं. तिला सहज काही सांगता आलं असतं. इतक्या वर्षांत सराव झाला होता. तिने खरं सांगितलं. मुलाखतीपासून सगळं, उभ्या उभ्या, पिशवी हातात धरून.

 समाधानने पिशवीतलं वरचं पुस्तक काढलं, भूगोल होता, आणि मधली पानं उलटली.

“म्हणजे आता दहावीत?”

“जूनमध्ये जाईल.”

त्याने पुस्तक मिटलं. “गणित कसं आहे तिचं?”

“बरं आहे,” प्रियदर्शनी म्हणाली. “भाषा चांगली आहे.”

“माझ्यावर गेली नाही मग,” तो म्हणाला, आणि तोंड फिरवून खिडकीशी गेला. नंतर दोघं जेवली. मालनबाईंनी पिशवीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, एकीची ठेवायला दिली आहेत.

रात्री अंथरूण घालताना त्याने आपल्या परीने मुद्दा मांडला. नववीपर्यंत ठीक आहे, वरच्या वर्गात गेली म्हणता येतं, कुणी मार्कांची यादी मागत नाही. दहावीचा निकाल लागतो. पुण्यात दहावीचा निकाल हा खासगी मामला नसतो. दुपारी एकला तो इंटरनेटवर येतो आणि सव्वाला अख्खं ऑफिस विचारतं, किती टक्के? पेढे लागतात. त्र्याण्णव म्हटलं तर कोणतं कॉलेज, साठ म्हटलं तर काय झालं. “काय सांगणार आहेस?” त्याने विचारलं.

याचा प्रियदर्शनीने विचार केला होता. उत्पलाला चष्मा लावताना तिला अडचण आली नव्हती. केस कापताना आली नव्हती. पण न दिलेल्या परीक्षेचे गुण आपल्या हाताने द्यायचे, हे त्या मुलीच्या बाबतीत करणं योग्य नाही असं तिचं ठाम मत होतं. चांगले दिले तर लबाडी आणि वाईट दिले तर अन्याय. आणि दीपालीला खरं सांगायचं म्हणजे इतकी वर्षं जिच्यासाठी तिने डबा, सल्ले, वह्या राखून ठेवल्या, ती मुलगी तिच्याच टेबलावर मारायची. तेही जमेना.

मे महिन्यात तिने राजीनामा दिला. तिचा मॅनेजर दत्तप्रसाद हा भला गृहस्थ. त्याने कारण विचारलं, आणि तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच मान हलवली. “मुलीची दहावी ना? मी समजू शकतो. माझ्या बायकोनेही घेतली होती वर्षभर.” घरून काम कर, बिनपगारी रजा घे, असं त्याने खूप समजावलं. मग फॉर्मवर ‘कौटुंबिक’ अशी खूण केली. ती एक लहानसं खोटं बोलून त्या कंपनीत शिरली होती. बाहेर पडताना तिला बोलावंही लागलं नाही. टीमने निरोपाला उत्पलासाठी कंपास पेटी आणि भारीतलं पेन दिलं. शर्मिलाबाईही खाली येऊन भेटून गेल्या. “आता तिच्याकडे बघा,” म्हणाल्या.

नोटिशीचे दोन महिने चालू असतानाच तिने बायोडाटा टाकून ठेवला होता. एक दिवस दुपारी फोन आला. कन्सल्टन्सीतली मुलगी होती, आवाजावरून पंचविशीतली, विदर्भाकडची, आणि तिच्यामागे आणखी दहा-बारा मुली तेच प्रश्न दुसऱ्यांना विचारत असलेल्या ऐकू येत होत्या. एकूण अनुभव किती, आत्ता पगार किती, अपेक्षा किती, कधी जॉइन होऊ शकाल. प्रियदर्शनी फोन घेऊन जिन्यात येऊन उभी राहिली होती आणि भराभर उत्तरं देत होती.

“आणि मॅम, रीझन फॉर चेंज?”

चेतनने शिकवलेलं तिला आठवत होतं. इथे दोन शब्द पुरतात, ते सगळे जण म्हणतात आणि कुणी पुढे विचारत नाही. ती म्हणाली, “या कंपनीत माझी मुलगी जिवंत आहे.”

 पलीकडे मागच्या मुलींचेच आवाज तेवढे येत राहिले.

“खरं म्हणजे ती सात वर्षांची असताना गेली,” प्रियदर्शनी म्हणाली. “इथे मुलाखतीत मला ते सांगता आलं नाही. मग ती इथे वाढली. आता दहावीला आलीय. पुढचं मला जमत नाही. म्हणून सोडतेय.”

एका अनोळखी मुलीला, तिचं नावही न विचारता, तिने हे सांगितलं होतं. ‘ती गेली’ हे वाक्य तिने आजवर कधी कुणाला म्हटलं नव्हतं. ते तिच्या वतीने समाधानने म्हटलं होतं, फोनवर, एकेकाला. आपल्या तोंडून ते कसं ऐकू येतं हे तिला पहिल्यांदा कळलं. जिन्यातून कुणी दोघं चहाचे कप घेऊन वर गेले. ती भिंतीला टेकली.

“सॉरी मॅम,” ती मुलगी अखेर म्हणाली. मग तिच्या बाजूने कळा दाबल्याचा आवाज आला, थांबला, आणि पुन्हा आला. तिच्यासमोर एक रकाना होता, त्यात काहीतरी भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. “मॅम, मी इथं ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’ टाकते. चालेल ना?”

“चालेल,” प्रियदर्शनी म्हणाली.

“मॅम,” ती मुलगी एकदम म्हणाली, आवाज खाली आणून, मागच्या मुलींना ऐकू जाऊ नये असा. “नाव काय होतं?”

प्रियदर्शनीने सांगितलं. ते कुठल्या रकान्यात गेलं नाही.

नोकरी खराडीला लागली. तिथे मुलाखतीत तीन जण होते, त्यांनी ऑटोमेशनचे प्रश्न विचारले आणि बदलाचं कारण कागदावर आहेच म्हणून विचारलं नाही. खराडीत तिला मूल नाही. तशी माणसं तिथे बरीच आहेत, कुणी त्याबद्दल बोलत नाही. तिथल्या पहिल्या जूनला कुणाचा वर्ग बदलायचा नव्हता. एक तारखेला ती घरी येऊन तशीच झोपली.

त्याच महिन्यात दहावीचा निकाल लागला, त्या दिवशी तिने रजा घेतली होती. रजेचं कारण तिने लिहिलं नव्हतं. दुपारी दीडच्या सुमाराला दीपालीचा फोन आला. समाधान स्वयंपाकघरात होता. फोन बराच वेळ वाजला, तेव्हा तो बाहेर यायला निघाला; घ्यायचा नसेल तर आपण घेऊ, ताप आहे म्हणू, मावशीचं लग्न म्हणू, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. पण तेवढ्यात तिने तो उचलला. पलीकडून दीपालीचा उत्साहाचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता, अगं किती, सांग ना किती.

“दीपाली,” प्रियदर्शनी म्हणाली, “आधी कुठेतरी बस.”

समाधान आत गेला आणि त्याने गॅस बारीक केला.